घामाचा कूलर आणि कॉफीचा कप

नागपुरात मे महिन्यात घराघरांत एक ठरलेलं काम असतं. माळ्यावरचा कूलर खाली उतरवायचा, पंप साफ करायचा, वाळ्याच्या जुन्या तट्ट्या काढून नव्या बसवायच्या आणि टाकीत पाणी भरून तो खिडकीला लावायचा. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, आणि खोलीत दुपारी चादर ओढून झोपावं लागतं. हाच कूलर कोणी हौसेनं रत्नागिरीला नेला, तर तासाभरात भिंती ओलसर होतात, पापड मऊ पडतात आणि माणसं पूर्वीपेक्षा जास्त चिकचिकतात. यंत्र तेच असतं, पाणीही तेच. फरक असतो तो हवेचा. कोरडी हवा पाणी पिऊन घेते, दमट हवेचं पोट आधीच भरलेलं असतं.

भर उन्हात गरम कॉफी प्यावी की नाही, या जुन्या वादाचं उत्तरही बरंचसं याच कूलरमध्ये आहे.

वाद घराघरांत चालतो. काट्यानं काटा निघतो, तसं उन्हात गरम प्यायलं की घाम सुटतो आणि अंग थंड होतं, असं एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाला हा निव्वळ आचरटपणा वाटतो. आगीत तेल ओतून आग कधी विझते का? शिवाय कॉफी मुळातच ‘उष्ण पडते’, असं सांगणारी एखादी आजी असतेच. तिच्या ‘उष्ण’चा थर्मामीटरशी संबंध नाही. तो प्रकृतीचा शब्द आहे आणि त्याच अर्थानं बर्फ घातलेली कॉफीही तिच्या लेखी उष्णच. इथे प्रश्न फक्त तापमानाचा आहे.

आधी कपात किती उष्णता असते ते मोजू. शाळेतलं गणित पुरेसं आहे: एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला एक कॅलरी लागते. कपात दीडशे मिलिलिटर कॉफी आहे आणि ती ६० अंश सेल्सिअसला, म्हणजे फुंकर घालत पिण्याइतपत गरम आहे. शरीर ३७ अंशांवर असतं. म्हणजे कॉफी २३ अंशांनी उतरेपर्यंत ती शरीराला १५० गुणिले २३, साधारण साडेतीन हजार कॅलरी देते. आकडा दणदणीत वाटतो. पण या भौतिकशास्त्रातल्या कॅलरी आहेत, आहारातल्या मापानं त्या जेमतेम साडेतीन किलोकॅलरी. नुसतं खुर्चीत बसलेलं प्रौढ शरीर तासाला सत्तरएक किलोकॅलरी उष्णता तयार करत असतं. म्हणजे कपभर गरम कॉफीनं अंगात जेवढी उष्णता जाते, तेवढी शरीर स्वतःच दर तीन मिनिटांनी निर्माण करतं.

आता दुसरी बाजू. एक ग्रॅम घाम त्वचेवरून पूर्ण उडून गेला, तर तो जाताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. कॉफीनं दिलेली उष्णता परतवायला त्यामुळे फक्त सहा ग्रॅम जादा घाम पुरतो, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षा थोडासाच अधिक. गरम कॉफीमुळे याहून जास्त घाम सुटला आणि तो सगळा उडाला, तर शरीर नफ्यात राहतं.

‘आणि तो सगळा उडाला’ या चार शब्दांवर सगळं अडलेलं आहे.

कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात ऑली जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजलं आणि २०१२ साली प्रसिद्ध केलं. नऊ तरुण पुरुषांना सव्वा तास व्यायामाच्या सायकलवर बसवलं. अधूनमधून त्यांना ठरावीक पाणी प्यायला दिलं: एका दिवशी दीड अंशाचं, जवळजवळ बर्फाचं, दुसऱ्या दिवशी १० अंशांचं, मग ३७ आणि शेवटी ५० अंशांचं. खोलीतली हवा कोरडी होती आणि घाम उडून जाईल अशी व्यवस्था होती. निकाल गंमतशीर निघाला. ५० अंशांचं पाणी पिणाऱ्यांच्या शरीरात सव्वा तासाच्या शेवटी कमी उष्णता साठलेली होती. पाण्यानं जेवढी उष्णता आत नेली, त्याहून जास्त जादा घामानं बाहेर काढली. थंडगार पाण्यानं उलटं केलं: आत जाऊन गारवा दिला खरा, पण घामच कमी केला.

पण घामाला ही खबर देतं कोण? पुढे याच गटानं आणखी एक चलाखीचा प्रयोग केला. गरम आणि गार पाण्यानं एकदा नुसती चूळ भरायला लावली आणि एकदा नाकातून घातलेल्या नळीनं ते थेट पोटात सोडलं. चूळ भरून घामात फरक पडला नाही. पोटात सोडल्यावर मात्र मिनिटाभरात पडला. म्हणजे हा पहारेकरी तोंडात नसून पोटात आहे. जिभेला बसलेला चटका किंवा दातांना लागलेला गारवा आपल्याला कितीही मोठा वाटला, तरी घामाचा नळ कमीजास्त करण्यात त्याला फारसं मत नाही.

२०१२ चा निकाल जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘उन्हात गरम प्या’ अशा मथळ्यांनी डोक्यावर घेतला. त्यानंतर ओटावातल्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं, शरीरातून बाहेर पडणारी उष्णता थेट मोजणाऱ्या बंद कक्षात माणसांना बसवून, तसाच प्रयोग करून पाहिला. २०१५ सालच्या त्या निकालात दीड अंशाचं पाणी आणि ५० अंशांचं पाणी यांत साठलेल्या उष्णतेचा फरकच दिसला नाही. एकानं जे आत दिलं-घेतलं, ते घामानं फेडून टाकलं, हिशेब बरोबरीत सुटला. म्हणजे गरम कॉफीचा फायदा झालाच, तर तो थोडका. आणि तोही हवा कोरडी असताना. आगीत तेल ओतल्यासारखं मात्र काही होत नाही. दोन्ही पक्षांना थोडं थोडं ऐकून घ्यावं लागेल, असाच हा निकाल आहे.

इथे पुन्हा कूलर आठवावा. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथल्या मेमधल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतही नाही. शर्ट ओला होत नाही. संध्याकाळी काळ्या शर्टावर पाठीशी मिठाचे पांढरे नकाशे दिसतात, तेव्हा किती घाम गेला हे समजतं. तिथे गरम कॉफीनं आणलेला चमचाभर जादा घामही असाच गुपचूप उडून जातो. मुंबई, रत्नागिरी, पणजीला पारा तेहतीस-चौतीसच दाखवतो, पण घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात उतरतो. जो घाम ओघळून जमिनीवर पडला किंवा रुमालानं पुसला गेला, त्यानं अंगातली उष्णता जवळपास काहीच नेली नाही. किनारपट्टीवर गरम कॉफीचा जादा घाम हा निव्वळ पाण्याचा खर्च आहे. विदर्भातही मृग लागून हवेत ओल आली की कूलर दमट वारा फेकायला लागतो. गरम कॉफीची सवलतही त्याच आठवड्यात संपते.

वयाची मर्यादाही आहे. म्हातारपणी घामाच्या ग्रंथी आळसावतात, काही औषधांनीही घाम कमी होतो. अशांच्या बाबतीत कपातली उष्णता आत जाते आणि तिला बाहेर काढणारा घाम पुरेसा येत नाही. त्यांनी या वादात न पडता कॉफी गार करून प्यावी.

मग सरकारी पत्रकाचं काय? उष्णतेची लाट आली की राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचना सगळीकडे लागतात आणि त्यांत मद्य, चहा, कॉफी आणि फसफसणारी शीतपेयं टाळा असं असतं. कॉफी लघवीवाटे अंगातलं पाणी काढून टाकते, ही समजूत त्यामागे आहे. कॅफिनची सवय नसलेल्यानं एकदम मोठी मात्रा घेतली, तर तसं काही वेळ होतं. रोज पिणाऱ्याचं शरीर मात्र त्याला सरावतं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात २०१४ साली रोज कॉफी पिणाऱ्या पन्नास पुरुषांना तीन दिवस दोनशे मिलिलिटरचे चार मग कॉफी आणि पुढे तीन दिवस तेवढंच पाणी दिलं; शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ती माणसं अर्थात उन्हात खडी फोडत नव्हती. पत्रकाचा सल्ला रस्त्यावर, शेतात, गाड्यावर राबणाऱ्या सगळ्यांसाठी एका वाक्यात लिहिलेला आहे आणि त्या जागी तो ठीकच आहे: उन्हात काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला अर्धा लिटर किंवा जास्तही घाम जातो आणि अर्ध्या कटिंगनं ती तूट भरत नाही. कॉफी पाण्याशिवाय प्यायली तर अडचण. पाण्याबरोबर प्यायली तर नाही. आणि ऊन लागून कोणी गुंगायला लागलं, तर गरम-गार कुठल्याच कॉफीचा तिथे उपयोग नाही. सावली, अंगावर पाणी, वारा आणि दवाखाना, हाच क्रम.

आता गार कॉफीचा हिशेब. फ्रीजमधून काढलेली पाच अंशांची दोनशे मिलिलिटर कॉफी पोटात ३७ पर्यंत तापताना ६,४०० कॅलरी खेचून घेते, म्हणजे अकरा ग्रॅम घामाचं काम करते. दमट हवेत, जिथे घाम कामच करत नाही, तिथे ही आयती मिळालेली थंडी खरी कमाई आहे. पण सगळ्यांत वरचढ आहे तो बर्फ, आणि तोही गिळलेला. बर्फ वितळताना ग्रॅममागे ८० कॅलरी घेतो आणि वितळून झाल्यावर ३७ पर्यंत तापताना आणखी ३७. शंभर ग्रॅम बर्फाचा चुरा पोटात गेला, तर जवळजवळ बारा हजार कॅलरी, म्हणजे वीस ग्रॅम घामाचं काम. उन्हाळी स्पर्धांआधी धावपटूंना बर्फाचा लगदा देतात तो यासाठीच. मात्र ग्लासात खडे तरंगत ठेवून वरची कॉफी प्यायली आणि खडे मोरीत ओतले, तर त्यातला मोठा वाटा मोरीला मिळतो. गोळेवाल्याच्या रंध्यावर किसलेला किंवा मिक्सरमध्ये फिरवलेला बर्फ कॉफीत घालून चमच्यानं खाल्ला, तर तो पोटापर्यंत पोचतो. बर्फ घरचाच बरा. बाहेरचा घ्यायचा तर खाण्याचा असल्याची खात्री करून.

घरी केलेली आइस्ड कॉफी बहुतेकदा पाणचट का होते, याचंही कारण त्याच ८० कॅलरीत आहे. ८० अंशांची दीडशे मिलिलिटर गरम कॉफी थेट बर्फावर ओतून पाच अंशांवर आणायची, तर जवळजवळ १३० ग्रॅम बर्फ वितळतो. कॉफी दीडशे आणि पाणी एकशेतीस! तीच कॉफी आधी खोलीच्या तापमानाला येऊ दिली, तर पन्नासएक ग्रॅम बर्फ खर्ची पडतो; फ्रीजमध्ये गार केली, तर फारच थोडा.

यावर सगळ्यांत सोपा तोडगा दक्षिणेच्या फिल्टरमध्ये आहे, आणि आश्चर्य म्हणजे कॅफेवाल्यांनी त्याचा फारसा बोलबाला केलेला नाही. पितळेच्या किंवा स्टीलच्या दुमजली फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीस ग्रॅम कॉफी पावडर घालायची, छत्रीसारख्या चकतीनं हलकेच दाबायची आणि उकळी मोडलेलं दीडशे मिलिलिटर पाणी ओतून झाकण ठेवायचं. पावडर स्वतःच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, त्यामुळे अर्ध्या तासानं खाली नव्वदएक मिलिलिटर दाट डिकॉक्शन मिळतं. साखर घालायची तर आत्ताच, गरम असताना. गार कॉफीत घातलेली साखर तळाशी बसून शेवटच्या घोटाची वाट बघते. निम्मं डिकॉक्शन बाटलीत भरून फ्रीजमध्ये, आणि निम्म्यात तेवढंच पाणी मिसळून ते बर्फाच्या ट्रेमध्ये. दुसऱ्या दिवशी ग्लासात कॉफीचे चार-पाच खडे, त्यावर चाळीस मिलिलिटर गार डिकॉक्शन आणि वर सव्वाशे मिलिलिटर फ्रीजमधलं दूध. खडे जसजसे वितळतात, तसतशी कॉफी पातळ न होता चढत जाते. खडे मिक्सरमधून काढले, तर वर सांगितलेला बर्फाचा लगदाही कॉफीचाच होतो.

जपानी पद्धतीत बर्फ वितळणं हा दोष न मानता पाककृतीतच धरलेलं आहे. वीस ग्रॅम कॉफीला एरवी लागणारं तीनशे मिलिलिटर पाणी दोन भागांत विभागायचं: १८० मिलिलिटर गरम, फिल्टरमधून ओतायला, आणि १२० ग्रॅम बर्फ, खालच्या भांड्यात. कॉफी थेंबथेंब बर्फावर पडते, सगळा बर्फ वितळतो आणि भांड्यात दहा-बारा अंशांची, पुरेशा जोराची कॉफी उरते. गरम पाण्यानंच निघणारा आंबूस, फळासारखा सुगंध त्यात टिकतो.

तो नको असणाऱ्यांसाठी कोल्ड ब्रू. इथे चुका जास्त होतात, म्हणून जरा थांबून. साठ ग्रॅम कॉफी, दळलेली लापशीच्या रव्याएवढी जाड. सहाशे मिलिलिटर साधं पाणी. काचेची झाकणाची बरणी. सोळा तास फ्रीजमध्ये. ओट्यावर नाही: परदेशी पाककृतीत ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलेलं असतं, ते वीस अंशांच्या खोलीसाठी आहे, अकोल्याच्या अडतीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी नाही. मग चाळणीतून आणि नंतर ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळायची, आणि फडकं पिळायचं नाही. पिळलं की गाळ आणि तुरटपणा दोन्ही उतरतात. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी इथे चालत नाही. चिकोरी पाण्यात भसकन विरघळते, फडकं तुंबतं आणि चव काढ्याकडे झुकते. पाकिटावर ‘१०० टक्के कॉफी’ लिहिलेलं बघून घ्यावं आणि दुकानातच जाड दळून घ्यावी.

झालेली कॉफी चाखली की चूक कुठे झाली ते कळतं. जीभ कोरडी पडून लाकडासारखं कडू लागलं, तर दळण बारीक होतं किंवा वेळ जास्त झाला. चहाच्या पाण्यासारखं, पोकळ लागलं, तर वेळ किंवा पावडर कमी पडली. फ्रीजमध्ये ही कॉफी पाच दिवस टिकते. आंबट वास, बुडबुडे किंवा वर बुळबुळीत पापुद्रा दिसला, की फेकून द्यायची. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गरम कॉफी माणूस घोटघोट पितो, कोल्ड ब्रू सरबतासारखी घटाघट. अराबिका कॉफीत वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास कॅफिन असतं, म्हणजे साठ ग्रॅमच्या त्या बरणीत सातशे मिलिग्रॅमपर्यंत, आणि त्याचा बराचसा भाग पाण्यात उतरतो. निरोगी प्रौढानं दिवसाला चारशेच्या आत राहावं, असा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेचा निर्वाळा आहे. बरणी एकट्याची नाही, चौघा-पाचजणांची.

ज्यांच्या घरी फिल्टर नाही आणि सोळा तासांचा धीरही नाही, त्यांच्यासाठी ग्रीसचा फ्रापे आहे. १९५७ साली थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय जत्रेत दिमित्रिस वाकोंदिओस या कॉफी कंपनीच्या कर्मचाऱ्याला कॉफीची तल्लफ आली आणि गरम पाणी मिळेना. जवळच एक शेकर होता, लहान मुलांसाठीचं झटपट चॉकलेट पेय हलवून दाखवायला आणलेला. त्यानं त्यात इन्स्टंट कॉफी आणि गार पाणी घालून हलवलं आणि वर फेसाचा जाड थर आला. पुढे सबंध देशाचा उन्हाळा त्या फेसावर निघू लागला. मराठी घरांत ‘फेटलेली कॉफी’ करताना मनगट दुखेपर्यंत चमचा फिरवतात, त्याचीच ही बहीण. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, तीन मोठे चमचे गार पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं. फेस बर्फावर ओतायचा, मग कडेनं गार पाणी, हवं तर थोडं दूध. दूध डब्यात घालायचं नाही. इन्स्टंट कॉफीत तेल जवळपास नसतं म्हणूनच तिचा फेस टिकतो. दुधातली चरबी त्यात आली की तो बसतो.

असा भरलेला ग्लास टेबलावर ठेवून दोन मिनिटं बघत राहावं. रत्नागिरीला त्याच्या अंगावर लगेच थेंब धरतात, एकमेकांत मिसळून ओघळतात आणि लाकडावर ओलं कडं उमटतं. नागपुरात मेच्या दुपारी तोच ग्लास जेमतेम धूसर होतो, बोट फिरवलं तर कोरडंच लागतं. थेंब धरणाऱ्या हवेत घामही असाच अंगावर राहतो. तिथे दुपारची गरम कॉफी राहू द्यावी आणि ग्लासातली संपवावी. ग्लास कोरडा राहिला, तर चारच्या सुमारास गॅसवर दुधाचं पातेलं चढवायला हरकत नाही, शेजारी पाण्याचा तांब्या मात्र भरलेला हवा.